दिवसाच्या चित्रणातून रात्र

भर दिवसा सूर्यप्रकाशात घेतलेला शॉट ग्रेडिंगमध्ये, म्हणजे चित्रणानंतर रंग आणि उजेड बदलण्याच्या कामात, असा बदलायचा की पाहणाऱ्याला तो रात्रीचाच वाटावा, या तंत्राला चित्रपटाच्या धंद्यात ‘डे फॉर नाइट’ म्हणतात. जिथे रात्री दिवे लावून जागा उजळणे शक्य नसते किंवा परवडत नाही, तिथे याचा आधार घेतला जातो. गोव्यात अशा जागा पुष्कळ आहेत. खाजन शेतांचा मोकळा पट्टा, दिवाडीच्या बाजूने दिसणारे मांडवीचे पात्र, सत्तरीतले रान, फोंड्याकडची कुळागरे यांतल्या कुठल्याही जागी रात्री मैलभर उजेड करायचा तर जनरेटर, उंच क्रेन आणि मोठे दिवे लागतात. चार-पाच माणसांच्या चमूला, लघुपट करणाऱ्यांना किंवा नाट्यमंडळाच्या प्रसिद्धीचा व्हिडिओ करणाऱ्यांना ते आवाक्याबाहेरचे असते.

नुसते चित्र काळोखे केले की रात्र होते, हा या कामातला सगळ्यात मोठा गैरसमज आहे. तसे केल्यावर पडद्यावर दिसतो तो मळभ आलेला, मरगळलेला दिवस. रात्र ओळखू येते ती उजेडाच्या वाटणीवरून: कोणती वस्तू कोणत्या वस्तूपेक्षा किती उजळ आहे आणि कुठला रंग टिकला आहे, यावरून.

सूर्यप्रकाश आणि चांदणे

हे तंत्र मुळात जमू शकते, कारण चांदणे म्हणजे चंद्रावरून परतलेला सूर्यप्रकाशच असतो. आकाशात सूर्य आणि चंद्र दोघांचाही आकार जवळजवळ सारखाच, सुमारे अर्धा अंश दिसतो. त्यामुळे दोघांच्या उजेडात पडणाऱ्या सावल्यांच्या कडाही सारख्याच रेखीव असतात. माडाच्या झावळीची अंगणात पडलेली सावली सूर्याची आहे की चंद्राची, हे सावलीच्या आकारावरून सांगता येत नाही. फरक असतो तो उजेडाच्या मात्रेत. भर दुपारी मोकळ्यावर सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो, तर स्वच्छ आकाशातल्या पौर्णिमेला पाव लक्सच्या आसपास. म्हणजे चांदणे उन्हापेक्षा सुमारे चार लाख पटींनी मंद, कॅमेऱ्याच्या भाषेत अठरा-एकोणीस स्टॉप खाली. एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा.

पडद्यावर ते अंतर दाखवायचे नसते, दाखवताही येत नाही. दाखवायचे असते ते इतक्या मंद उजेडात आपल्या डोळ्याचे काय होते ते. उजेड पुरेसा असताना डोळ्यातल्या शंकुपेशी काम करतात आणि रंग ओळखतात. उजेड फार कमी झाला की दंडपेशींवर भिस्त राहते. त्यांना रंगभेद कळत नाही, बारीक तपशील टिपता येत नाही आणि लाल प्रकाश जवळजवळ दिसतच नाही. शंकुपेशींची एकत्रित संवेदना सुमारे 555 नॅनोमीटरच्या हिरवट-पिवळ्या प्रकाशाला सर्वांत तीव्र असते, दंडपेशींची 500 च्या आसपासच्या निळसर-हिरव्याला. संधिप्रकाशात लाल फुले काळवंडतात आणि निळसर वस्तू तुलनेने उजळ राहतात, ती यामुळे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुर्किन्ये या शरीरशास्त्रज्ञाने हे नोंदवले आणि त्याचेच नाव या परिणामाला पडले.

चांदणे निळे असते ही समजूतही इथूनच येते. मोजमापात चांदणे सूर्यप्रकाशापेक्षा किंचित तांबूसच भरते. निळसरपणा डोळा आणि मेंदू मिळून घालतात, आणि चित्रपटांनी तो संकेत पक्का केला. म्हणून ग्रेडिंग करणाऱ्याने चंद्राचा रंग शोधत बसू नये. डोळा रात्री काय गमावतो ते चित्रातून काढून घ्यावे. गोव्याच्या दृश्यात हे फार ठळक होते, कारण इथले दृश्यच लाल आहे: जांभ्याचे चिरे, तांबडी माती, मंगलोरी कौले. रात्री हे सगळे काळ्याच्या जवळ जायला हवे. ते तांबडे राहिले तर बाकी चित्र कितीही निळे केले तरी दिवस लपत नाही.

जुने उपाय

कृष्णधवल काळात भिंगापुढे लाल फिल्टर लावून निळे आकाश काळे करत आणि शॉट कमी एक्स्पोजरवर घेत. कधी इन्फ्रारेड फिल्म वापरत. दोन्ही उपाय वाळवंटी, मोकळ्या प्रदेशात चांगले चालत. गोव्यासारख्या ठिकाणी मात्र त्यांची अडचण होते. लाल फिल्टरने आकाश काळे पडते हे खरे, पण जांभ्याची भिंत आणि माणसांची त्वचा उलट उजळते. इन्फ्रारेडमध्ये तर हिरवी पाने पांढरी दिसतात, म्हणजे सगळे कुळागर हिमात बुडाल्यासारखे. रंगीत फिल्म आल्यावर दिव्याच्या उजेडासाठी बनवलेली, 3200 केल्व्हिनला जुळवलेली फिल्म नारिंगी फिल्टरशिवाय उन्हात वापरून निळी झाक मिळवू लागले.

डिजिटल कॅमेऱ्याने एक सवय उलटी करायला लावली. पूर्वी शॉट मुद्दाम दीड-दोन स्टॉप कमी घेत. आता तसे केले तर सावल्यांमध्ये दाणेदार खर येते, आणि ग्रेडिंगमध्ये सावल्यांना हात लावला की ती उघडी पडते. त्यापेक्षा आकाश निव्वळ पांढरे होऊन फुटणार नाही इतपत भरपूर उजेड घ्यावा आणि नंतर उतरवावा. 2015 च्या ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’मधली रात्रीची दृश्ये नामिबियाच्या वाळवंटात दिवसा, मुद्दाम जादा एक्स्पोजर देऊन घेतली होती आणि ग्रेडिंगमध्ये निळी रात्र केली होती. सावलीतला तपशील स्वच्छ मिळावा हाच त्यामागचा हेतू.

कॅमेऱ्यापुढची तयारी

ग्रेडिंगने काय साधेल हे बरेचसे सूर्य कुठे आहे यावर ठरते. सूर्य कॅमेऱ्याच्या पाठीशी असेल तर सगळ्या वस्तू समोरून सपाट उजळतात आणि रात्र होत नाही. सूर्य विषयाच्या मागे, थोडा एका बाजूला हवा. मग चेहरे आणि भिंतींची समोरची अंगे सावलीत जातात, कडांवर फक्त उजेडाची रेघ राहते, आणि चांदण्यात नेमके हेच दिसते. दुपारची वेळ टाळलीच पाहिजे. गोव्याचे अक्षांश साधारण साडेपंधरा अंश उत्तर. त्यामुळे मेच्या सुरुवातीला आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात.

पावसाळ्यातले ढगाळ आकाश सोयीचे वाटते, पण त्या उजेडाला दिशा नसते. त्यातून अमावास्येसारखी गढूळ रात्र मिळू शकते, चांदणे नाही. चौकटीत आकाश जितके कमी तितके ग्रेडिंगचे काम हलके. कॅमेरा थोडा उंचावर नेऊन खाली वळवला आणि आकाशाऐवजी झाडोरा पाठीमागे घेतला, तर निम्मी लढाई तिथेच संपते.

एक शॉट, सविस्तर

समजा, फोंडा तालुक्यातले एक कौलारू घर आहे. पुढे अंगण, चुन्याने पांढरे केलेले तुळशी वृंदावन, डावीकडे चिऱ्यांची गडग्याची भिंत, मागे चार माड आणि वरच्या तिसऱ्या हिश्शात आकाश. एक बाई पडवीतून उतरून वृंदावनापाशी येते. वेळ नोव्हेंबरातल्या सकाळी नऊची, सूर्य घराच्या मागे डावीकडे. कॅमेरा तिपाईवर, चित्रण दहा बिटच्या लॉगमध्ये, म्हणजे उजेडाची मोठी व्याप्ती फिक्या, सपाट रूपात नोंदणाऱ्या पद्धतीत. ग्रेडिंग डाविंची रिझॉल्व्हमध्ये करायचे आहे, पण तर्क कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये हाच राहतो.

लॉगचे साधे रूपांतर करून वेव्हफॉर्म, म्हणजे चित्रातला उजेड दाखवणारा आलेख, पाहिला तर, शंभराच्या मापावर, आकाश 90 च्या आसपास दिसते, वृंदावनाची उजळ बाजू 78, चिऱ्यांची भिंत 40, बाईचा सावलीतला चेहरा 35 आणि पडवीखालची सावली 15. आता रूपांतराच्या आधीच्या नोडमध्ये, म्हणजे ग्रेडिंगच्या एका टप्प्यात, Offset ने एकूण उजेड अडीच स्टॉप उतरवला की आकडे साधारण निम्मे होतात, कारण या मापावरचे आकडे प्रत्यक्ष उजेडाइतके झपाट्याने घटत नाहीत: आकाश 44, वृंदावन 38, भिंत 19, चेहरा 17, सावली 7. इथे थांबून चित्र नीट पाहावे. ते काळोखे आहे, पण रात्र नाही, आणि कारण आकड्यांतच आहे. सगळ्यांचे एकमेकांशी नाते जसेच्या तसे राहिले आहे. आकाश अजूनही चौकटीतली सर्वांत उजळ वस्तू आहे. चांदण्या रात्री अंगणातून पाहिले तर पांढरे वृंदावन आकाशापेक्षा उजळ भासते. ते नाते उलटवणे हेच या शॉटचे मुख्य काम.

म्हणून दुसरा नोड फक्त आकाशाचा. Qualifier ने निळा रंग आणि उजेड दोन्ही धरून आकाश निवडावे, त्यावर वरून खाली विरत जाणारी Power Window, म्हणजे बदलाची हद्द आखणारी खिडकी, लावावी आणि तो भाग आणखी तीन-साडेतीन स्टॉप उतरवावा. आकाश 16 च्या आसपास येते. क्षितिजाकडे ते 20 पर्यंत राहिले तर बरेच, कारण मग माडांच्या आकृत्या त्यावर उमटतात. निवडीत वृंदावन किंवा बाईचे पांढरे लुगडे येत असेल तर खिडकीने ते बाहेर ठेवावे.

खरी परीक्षा झावळ्यांची असते. झावळीच्या बारीक पात्यांच्या कडेला आकाशाचा उजेड सांडलेला असतो. तो ना धड निळा ना धड हिरवा, त्यामुळे निवडीतून सुटतो, आणि आकाश काळे झाल्यावर प्रत्येक पात्याला पांढरी किनार लागलेली दिसते. निवड जरा सैल करून तिची कड एक-दोन पिक्सेल आत, पात्यांवर सरकवली आणि किंचित धूसर केली की किनार जाते. पाती थोडी जास्त काळी झाली तरी चालते. रात्री झावळ्या काळ्याच असतात. निवड रंगावरून होत असल्याने वाऱ्याने झावळ्या हलल्या तरी ती त्यांच्यामागे जाते, हाताने कापलेल्या मास्कमध्ये हे जमत नाही.

तिसरे काम लालाचे. रंगानुसार उजेड बदलणाऱ्या Hue vs Lum मध्ये लाल ते नारिंगी पट्टा खाली ओढावा आणि Hue vs Sat मध्ये त्याच पट्ट्याचा रंग निम्म्याहून कमी करावा. भिंत 19 वरून 9-10 वर येते, कौले जवळजवळ काळी होतात आणि त्यांच्या फक्त उन्हाळलेल्या कडा उरतात. त्वचाही याच पट्ट्यात मोडते. म्हणून चेहऱ्याभोवती एक मऊ, मागोवा घेणारी खिडकी ठेवून त्याला यातून अर्धवट वगळावे. चेहरा 15 च्या खाली गेला तर बाई कोण आहे हेच कळत नाही. झाडांचा हिरवा रंगही फिका करून जरा निळसर-हिरव्याकडे वळवावा. उन्हातली पोपटी पाने ही दिवसाची ठळक खूण.

मग कॉन्ट्रास्ट. Contrast वाढवताना Pivot, म्हणजे ज्याच्या वरचे उजळते आणि खालचे काळवंडते तो बिंदू, नेहमीच्या जागी ठेवला तर उजळ भाग वर उसळतात आणि दिवस परत येतो. Pivot वर सरकवला की चित्राचा बहुतेक भाग त्याच्या खाली येतो आणि खाली ढकलला जातो. फक्त वृंदावनाची कड, खांद्यावरची रेघ, कौलांचे कोपरे टिकून राहतात. यातून मधल्या छटा दबतात आणि कडा शाबूत राहतात. सावल्या मात्र शून्यावर बसू देऊ नयेत, दोन-तीनवर ठेवाव्यात. डोळ्याला काळोखात काहीतरी असल्याचा भास हवा असतो. याच्या उलट, Lift वर करून सावल्या आठ-दहावर नेल्या तर धुके पसरल्यासारखे दिसते आणि रात्रीचे वजन जाते.

निळा रंग शेवटी आणि थोडाच. एकूण रंगसंपृक्तता रिझॉल्व्हच्या 50 वरून 30-35 पर्यंत आणली की मधल्या छटांना निळ्याची किंचित झाक पुरते. सावल्या तटस्थच राहाव्यात. सगळ्या चित्रावर निळे पाणी फिरवणे ही नवख्यांची हमखास खूण आहे. आठवणीतली चांदणी रात्र मुख्यतः रंगहीन असते, आणि तो रंगहीनपणा जपला तर निळ्याची गरज आपोआप कमी होते.

एवढे झाल्यावर चित्र पटते, तरी त्यात एक उणीव असते. सगळे मंद आहे, पण मंद कशाच्या तुलनेत, हे डोळ्याला कळत नाही. पडवीतल्या दिव्याने ती उणीव भरून निघते. चित्रण करतानाच दिवा चालू ठेवावा. उन्हात तो दिसला नाही तरी त्याचा गाभा क्लिपमध्ये नोंदला जातो. ग्रेडिंगमध्ये तो गाभा 85-90 वर नेऊन पिवळसर करावा, आणि भोवती भिंतीवर व पायऱ्यांवर उबदार उजेडाची मऊ खिडकी टाकावी. तो उजेड दिव्यापासून दूर जाताना झपाट्याने घटला पाहिजे. अंतर दुप्पट झाले की चौथा हिस्सा. सगळ्या पडवीभर सारखा पिवळा रंग पसरला तर तो लगेच चिकटवलेला वाटतो. वृंदावनापुढची पणती वेगळ्याने, काळोखात घेतलेल्या क्लिपमधून Screen पद्धतीने मिसळता येते. मग बाईच्या हनुवटीखाली तिचा मंद, किंचित हलता उजेड द्यावा लागतो, नाहीतर ज्योत हवेत लटकते.

पूर्ण झालेल्या शॉटचा वेव्हफॉर्म पाहिला तर रात्रीची ठेवण स्पष्ट दिसते. बहुतेक चित्र 20 च्या खाली दाटलेले, वृंदावन आणि कडांचे काही बारीक उंचवटे 35-40 पर्यंत, आणि दिव्याचा एकच सुळका वर.

फसते कुठे

चित्र बारीक तपासायचे असते तेव्हा खोलीतला उजेड मंद ठेवावा, पण अंतिम निर्णय तेवढ्यावर घेऊ नये. काळोख्या खोलीत सुरेख दिसणारी रात्र दिवसा मोबाइलवर निव्वळ काळी पाटी होते. चेहरा आणि दिव्याचा पसरलेला उजेड मोबाइलवर वाचता आला पाहिजे. बाकी हरवले तरी चालेल.

आकाशाच्या पट्ट्या पडणे ही दुसरी अडचण. आठ बिटच्या क्लिपमध्ये प्रत्येक रंगाला 256 पायऱ्याच मिळतात. आकाशाचा हळूहळू बदलणारा उजेड खाली दाबला की त्यातल्या मोजक्याच पायऱ्या उरतात आणि त्यांच्या कडा डोळ्याला दिसू लागतात. पुढे वेबवर किंवा व्हॉट्सॲपवर टाकताना होणारे कॉम्प्रेशन नेमके काळोखी भागात सर्वांत जास्त कंजुषी करते, आणि आकाश चौकोनी ठिपक्यांनी भरते. दहा बिटमध्ये चित्रण आणि शेवटी फिल्मच्या दाण्यांसारखा हलका ग्रेन, हा यावरचा उपाय. ग्रेन फक्त सावल्यांत आणि मधल्या छटांत असला तरी पुरतो, आणि रात्रीच्या चित्रात तो शोभतोही.

काही चुका मात्र ग्रेडिंगने सुटत नाहीत, त्या चौकटीतच पकडाव्या लागतात. आकाशात कावळे, दोरीवर वाळत घातलेले कपडे, मागच्या रस्त्याने सायकलवरून जाणारा पाववाला पोदेर, उभ्या गाडीच्या काचेत चमकणारे निळे आकाश यांतले एकही राहून गेले तर बाकी मेहनत वाया जाते. पाणी असेल तर ते आकाशाइतकेच उतरवावे लागते, कारण पाण्याला बहुतांश उजेड आकाशाचाच असतो. आकाश काळे आणि नदी फिकट निळी, असे चित्र अनेकदा दिसते आणि ते का खटकते हे पाहणाऱ्याला सांगता येत नाही. सूर्याची पाण्यावरची झगमग मात्र राखून ठेवावी, ती चंद्राची म्हणून खपते.

कुठे वापरू नये

हे तंत्र चांदण्याचे आहे. गावाबाहेरची जागा, एकच दूरचा प्रकाशस्रोत आणि फार तर एखाददुसरा दिवा, एवढीच त्याची पोच. पणजीच्या फोंतेनासमधली गल्ली दिवसा घेऊन रात्रीची करणे जमत नाही. तिथे रात्रीचा उजेड रस्त्यावरच्या दिव्यांतून, खिडक्यांतून, दुकानांतून, अनेक दिशांनी आणि वेगवेगळ्या रंगांत येतो, आणि दिवसाच्या सावल्या त्यातल्या एकाशीही जुळत नाहीत. साखळीजवळ विठ्ठलापूरला त्रिपुरारी पौर्णिमेला वाळवंटी नदीच्या पात्रात सजवलेल्या होड्या सोडतात, तसल्या दृश्यालाही हे लागू पडत नाही. तिथे दिवेच विषय आहेत आणि त्यांचा उजेड पाण्यावर, चेहऱ्यांवर खरोखर पडलेला असावा लागतो. अशा ठिकाणी सूर्यास्तानंतरचा निळसर संधिप्रकाश कामी येतो: आकाशात थोडा उजेड उरलेला असतो आणि दिवेही दिसू लागलेले असतात. गोव्याच्या अक्षांशावर हा काळ जेमतेम वीस-पंचवीस मिनिटे टिकतो. त्यामुळे कॅमेऱ्याची जागा, चौकट आणि माणसांच्या हालचाली सूर्य बुडण्याआधीच ठरवून ठेवाव्या लागतात, आणि दिव्यांचे शॉट त्या वेळात उरकून, ज्यात दिवे नाहीत असे रुंद शॉट दुसऱ्या दिवशी सकाळी घेतले तर दोन्ही ग्रेडिंगमध्ये जुळवता येतात.